डोळ्यांत थेंब घालण्याची पद्धत

प्रश्न: आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन वेगवेगळे ड्रॉप्स दिले आहेत. ते कसे घालायचे, मध्ये किती वेळ थांबायचे आणि उघडलेली बाटली किती दिवस चालते?

उत्तर: एका औषधाचा एकच थेंब घालावा, दुसऱ्या औषधापूर्वी किमान पाच मिनिटे थांबावे आणि उघडलेली बाटली साधारणपणे चार आठवड्यांनी टाकून द्यावी. मी नेत्रविभागात परिचारिका आहे आणि घरी जाणाऱ्या रुग्णांना हेच शिकवते. हात साबणाने धुऊन आईंना मान मागे करून वर बघायला सांगा, खालची पापणी गालाच्या हाडावर बोट टेकवून हलकेच खाली ओढा (ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर दाब नको) आणि तयार झालेल्या खोबणीत थेंब सोडा; बाटलीचे टोक पापणीला किंवा पापण्यांच्या केसांना लागू देऊ नका. मग डोळा एक-दोन मिनिटे अलगद मिटून ठेवावा, मिचकावू नये. डोळ्यात एका थेंबाइतकेही औषध पूर्ण मावत नाही, म्हणून दुसरा थेंब लगेच घातल्यास तो पहिल्याला धुऊन काढतो. स्टिरॉइडचे दुधाळ औषध असेल, तर बाटली आधी चांगली हलवावी. मलम दिले असेल, तर ते सर्वांत शेवटी लावावे. बाटली उघडल्याची तारीख लेबलावर लिहून ठेवा, कारण छापलेली मुदत सीलबंद बाटलीची असते. मात्र काही औषधांचा कालावधी वेगळा असतो, त्यामुळे लेबलावरील सूचनाच अंतिम मानावी. डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.