दुकानाचा गाळा भाड्याने घेताना फर्निचरसाठी भाडेमाफीचे किती दिवस आणि किती डिपॉझिट रास्त?

प्रश्न: नाशिकमध्ये गंगापूर रोडला केक शॉपसाठी ४५० चौरस फुटांचा कच्चा गाळा बघितलाय. भाडं ४०,००० रुपये. मालक ६ महिन्यांचं डिपॉझिट मागतायत आणि फर्निचरसाठी फक्त १५ दिवस भाडं सोडतो म्हणतात. तीन वर्षांचा करार आहे आणि दसऱ्याला दुकान उघडायचंय. किती मागावं आणि कसं बोलावं? मालकाच्या बाजूनेही रास्त काय ते सांगा.

उत्तर:

डिपॉझिटवर घासाघीस करण्यात ताकद घालवू नका, ती दिवसांवर लावा. कारण साधा हिशेब आहे. एका महिन्याचं डिपॉझिट म्हणजे ४०,००० रुपये अडकले. हे पैसे तुम्ही वर्षाला १२ टक्क्यांनी उभे केले असं धरलं, तर वर्षाला ४,८०० आणि तीन वर्षांत १४,४०० रुपये खर्च. उलट एका महिन्याचं भाडं माफ झालं तर पूर्ण ४०,००० वाचतात, आणि तेही दुकानातून एक रुपया आलेला नसताना. म्हणजे एक महिना भाडेमाफी मिळत असेल तर बदल्यात पावणेतीन महिन्यांचं डिपॉझिट जास्त दिलं तरी बरोबरी होते. अट एवढीच की डिपॉझिट परत मिळण्याची व्यवस्था पक्की हवी. त्याबद्दल पुढे.

मालकाच्या खुर्चीत बसून बघा. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली की भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा घेता येतो. ही वाट फक्त घरासाठी आहे. दुकानाच्या गाळ्यात कोणी अडून बसलं तर मालकाला कोर्टाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. शिवाय निघून गेलेल्या भाडेकरूने मागे ठेवलेलं लाईटबिल असतं, तोडलेली लादी असते, भिंतीत पाडलेली भोकं असतात. दोन महिन्यांची नोटीस, थकलेलं बिल आणि दुरुस्ती एवढं धरलं तरी तीन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये मालकाच्या हाती फारसं उरत नाही. म्हणून तो सहावर अडतो, आणि त्यात वावगं काही नाही. दिवसांच्या बाबतीत मात्र त्याचं नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी असतं. दुसरा भाडेकरू शोधायला एक महिना गेला तर तेवढं भाडं तसंही बुडणारच.

आता दिवस किती लागतात ते मोजा. कच्चा गाळा म्हणजे लादी, वायरिंग, फॉल्स सीलिंग, काउंटर, रंग आणि बाहेरचा बोर्ड हे सगळं तुमच्यावर. माप आणि ड्रॉइंगला चार-पाच दिवस, लादी आणि प्लंबिंगला आठवडा, वायरिंग आणि सीलिंग मिळून दहा-बारा दिवस, सुताराला दोन-अडीच आठवडे, रंग आणि बोर्डला पाच-सहा दिवस. सुतारकाम बाहेर वर्कशॉपमध्ये समांतर चालवून काही दिवस वाचले तरी अधूनमधून होणारा खोळंबा धरून ४० दिवस धरा. वर फ्लॅट असलेली बिल्डिंग असेल तर आधी सोसायटीला विचारा की हातोडा आणि कटर कोणत्या वेळेत चालवू देतात. दुपारी बंद, रात्री बंद असा नियम असेल तर हेच काम ५०-५५ दिवसांवर जातं. १५ दिवसांत फक्त तयार गाळा उघडतो, जिथे आधीच्याची लादी आणि वायरिंग वापरता येते.

पण माझ्या मते दिवसांच्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मोजणी कधीपासून सुरू होते. भांडणं इथेच होतात. करारावर सही झाली, मालकाने चावी दिली, आणि मग कळतं की शटर बसायचंय, ड्रेनेजची लाईन जोडलेली नाही, किंवा मीटर सिंगल फेज आहे. भाडेमाफीचे दिवस यातच संपतात. केक शॉपला डिस्प्ले काउंटर, डीप फ्रीजर आणि एसी चालवायचे, म्हणजे विजेचा भार मुख्य. टोकन द्यायच्या आधी महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावर मंजूर भार, वापराचा प्रकार आणि थकबाकी छापलेली असते. इलेक्ट्रिशियनकडून तुमच्या मशिनांचा एकूण भार काढून त्याच्याशी ताडून बघा. भार वाढवायचा असेल किंवा थ्री फेज घ्यायचं असेल तर मीटर मालकाच्या नावावर असल्याने अर्जाला त्याची संमती लागते, आणि जुनी थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते. हे काम तुमच्या सुताराच्या वेगावर चालत नाही. ते मालकाकडे ठेवा आणि दिवसांची मोजणी त्याला बांधा. वाढीव भाराची अनामत कोण भरतो आणि जाताना ती कोणाची, हेही तेव्हाच लिहून घ्या.

करारात तीन तारखा वेगळ्या हव्यात: कराराची, ताब्याची आणि भाडं सुरू होण्याची. मजकूर साधारण असा ठेवा:

«मालकाने शटर, ड्रेनेज जोडणी व थ्री फेज वीजपुरवठा पूर्ण करून लेखी ताबा दिल्याच्या दिनांकापासून ४५ दिवस भाडे आकारले जाणार नाही. मालकाच्या बाजूच्या कामामुळे किंवा परवानगीअभावी काम थांबल्यास तेवढे दिवस वाढवून दिले जातील. या काळातील वीजबिल व मेंटेनन्स भाडेकरू भरेल. ४५ दिवस पूर्ण होण्याआधी दुकान सुरू झाल्यास भाडे दुकान सुरू झाल्याच्या दिनांकापासून लागू होईल.»

शेवटचं वाक्य मालकासाठी आहे. ते तुम्ही स्वतःहून पुढे केलंत तर समोरचा सैल होतो, कारण त्याची खरी भीती ही असते की हा २० दिवसांत दुकान उघडेल आणि वर महिनाभर फुकट धंदा करेल.

मालकाला याच्या बदल्यात लॉक-इन, म्हणजे ठराविक काळ गाळा न सोडण्याची अट, मागायचा हक्क आहे, आणि तो त्याने मागावाच. ४५ दिवसांचं भाडं म्हणजे ६०,००० रुपये. १८ महिन्यांचं लॉक-इन ठरलं आणि भाडेकरू मध्येच गेला, तर माफ केलेलं भाडं परत द्यायचं असं कलम घालतात. भाडेकरूने ते सरसकट मान्य करू नये, उतरतं करून घ्यावं: भाड्याचा प्रत्येक महिना भरला की ६०,००० मधून ३,३३३ कमी. बाराव्या महिन्याअखेर निघालात तर साधारण २०,००० देणं निघतं. लॉक-इन कधीपासून मोजायचं तेही लिहा. मालक भाडं सुरू झाल्यापासून म्हणेल, ते मान्य करायला हरकत नाही. मात्र मग दरवर्षी ५ टक्के भाडेवाढ ठरली असेल तर तीही भाडं सुरू झाल्यापासून १२ महिन्यांनीच धरायची, कराराच्या तारखेपासून नाही.

बोलताना सुरुवात अशी करा: «काका, डिपॉझिट पाच महिन्यांचं देतो, पण दोन टप्प्यांत. आणि काम पूर्ण करायला ४५ दिवस द्या, १८ महिने हलणार नाही.» पहिल्या टप्प्यात चावी घेताना तीन महिन्यांचं, म्हणजे १,२०,०००, आणि भाडं सुरू होण्याच्या दिवशी उरलेले ८०,०००. त्यामुळे काम चालू असताना तुमची रोकड मोकळी राहते. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि १५ दिवस असं मिळवलं असतं त्याच्याशी तुलना करा: दोन महिने जास्त डिपॉझिटचे तीन वर्षांत २८,८०० खर्च होतात आणि ३० दिवसांचे ४०,००० वाचतात. मालकाने एवढं बघावं की दुसरा टप्पा चुकला तरी भाडं ठरल्या तारखेला सुरू होईल, असं करारात असेल.

काही मालक म्हणतात, दिवस तोंडी देतो, करारात नको. हे धरू नका. लिहिल्याने उलट स्टँप ड्यूटी थोडी कमी होते. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यावर ०.२५ टक्के लागते. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षी साडेदहा महिन्यांचे ४,२०,०००. सोयीसाठी पुढची दोन वर्षं पूर्ण धरून ५ टक्के वाढीने ५,०४,००० आणि ५,२९,२००. दोन लाखांच्या डिपॉझिटचं तीन वर्षांचं व्याज ६०,०००. एकूण १५,१३,२००, त्यावर ड्यूटी सुमारे ३,८०० आणि शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्या रकमेसाठी तोंडी भरवशावर कोणी राहू नये. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे.

४०,००० मध्ये जीएसटी धरलाय की वर, हेही आत्ताच विचारा. मालक नोंदणीकृत असेल तर १८ टक्के लागतो. मालक नोंदणीकृत नाही आणि तुम्ही नियमित नोंदणीवर आहात, तर तो तुम्हाला स्वतः भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे.

डिपॉझिट परत मिळण्याचं सांगतो. आपल्याकडे रूढ प्रकार असा की शेवटचे चार-पाच महिने भाडेकरू भाडंच देत नाही, «डिपॉझिटमधून कापा» म्हणतो. मालकाच्या हाती मग लाईटबिलालाही काही उरत नाही. आणि उलट बाजूने, नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो असं सांगणारे मालक. दोघांनाही चालेल अशी रीत म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत तीन महिन्यांचं डिपॉझिट भाड्यात वळतं करायचं आणि दोन महिन्यांचं चावी देईपर्यंत राखायचं. चावी देताना मीटर रीडिंग, फोटो आणि काय काढून न्यायचं याची यादी दोघांच्या सहीने. फ्रीजर, काउंटर, एसी, बोर्ड भाडेकरूचे. लादी, सीलिंग, वायरिंग गाळ्याचे. ही यादी कराराला आत्ताच जोडली तर जाताना सीलिंग फोडून नेण्याची वेळ येत नाही. उरलेली रक्कम १५ दिवसांत, उशीर झाल्यास महिन्याला दीड टक्का व्याज. गाळा मध्येच विकला गेला तर डिपॉझिटची जबाबदारी नवीन मालकावर, हेही वाक्य घाला. सूची क्रमांक २, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघून गाळा खरंच त्यांच्या नावावर आहे का तपासा, आणि त्यावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची संमती मागा. पैसे बँकेतूनच द्या, व्यवहाराचा क्रमांक करारात टाका.

दसऱ्याचं म्हणाल तर उलटं मोजा. ताबा पितृपक्ष लागायच्या चांगला महिनाभर आधी हातात हवा. पंधरवड्यात पूजा टाळायची असेल तर टाळा, लेखी ताबा आधी घ्या आणि वायरिंगचं काम चालू ठेवा. दसरा चुकला की दिवाळीला सुतार आणि पीओपीवाले गावी जातात, आणि राहिलेलं आठवड्याचं काम महिनाभर लोंबकळतं.

बाकी, सिंहस्थ आलाय म्हणून भाव वाढलेत असं कोणी गंगापूर रोडच्या गाळ्याबद्दल सांगत असेल तर ते कारण मनावर घेऊ नका. भाविकांची गर्दी पंचवटी, रामकुंड आणि तपोवनात असते. केक शॉपचं गिऱ्हाईक आसपासच्या कॉलन्यांतलं. त्याऐवजी समोरचा रस्ता खोदायचं नियोजन आहे का ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारा. असेल तर दुकानाचं तोंड बंद राहील तेवढ्या काळाचं अर्धं भाडं, असं एक वाक्य करारात मागून बघा.