नाकातली नळी जागेवर आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

वडिलांना नाकातल्या नळीने मिक्सरमधलं जेवण देतो. नळी सरकली तर कसं कळणार?

दर वेळी भरवण्याआधी नाकपुडीपाशी नळीवरचा आकडा बघा. नळी घातली तेव्हा 55 होता आणि आज 50 दिसला, तर नळी 5 सेंटीमीटर बाहेर आली आहे. ती आत ढकलू नका, काहीही देऊ नका, नर्सला बोलवा.

आकडा तोच असला तरी सिरिंजने नळीतून थोडा द्रव ओढून आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर टाका. 5.5 किंवा कमी आलं तर नळी पोटात आहे असं धरतात. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर पीएचचा आकडा जास्त येऊ शकतो. तेव्हाही न भरवता आधी डॉक्टरांना विचारा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्यावर मात्र कृपा करून विसंबू नका, नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येतो.

जेवण पातळ करून बारीक गाळणीतून गाळाच, कारण डाळीचं एक सालही नळी तुंबवतं. आधी आणि नंतर साधारण 30 मिली पाणी सोडा (पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). भरवताना खोकला किंवा धाप लागली, तर तिथेच थांबा.