मैत्रिणीच्या लेकीला इटालियनमध्ये अभिनंदन

मैत्रिणीच्या लेकीला पदवीबद्दल इटालियनमध्ये चिठ्ठी लिहायची आहे ना? मग आधी एक बघ, तिची पदवी जाहीर झाली आहे ना? इटलीत प्रबंधाची तोंडी परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत अभिनंदन करणं अपशकुनी मानतात. तोवर फक्त ‘इन बोक्का आल लूपो’ म्हणायचं, म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’. शुभेच्छाच आहे ती!

निकालानंतर लिही:

‘कारा दोत्तोरेस्सा, कोंग्रातुलात्सिओनी पेर ला तुआ लाउरेआ! सिआमो मोल्तो फिएरी दी ते. कोन अफ्फेत्तो,’ आणि खाली तुम्हा दोघांची नावं.

अर्थ असा: प्रिय डॉक्टर, पदवीबद्दल अभिनंदन, आम्हाला तुझा फार अभिमान वाटतो, सप्रेम. ‘दोत्तोरेस्सा’ला बिचकू नकोस. तिथे तीन वर्षांची पदवी मिळाली तरी ही उपाधी लागते, पीएचडी लागत नाही. मुलगी आहे म्हणून ‘दोत्तोरे’ नको. हा एक शब्दच चिठ्ठीला हवा तेवढा औपचारिकपणा देतो. त्यासाठी आदरार्थी ‘लेई’ वापरशील तर मात्र पोरीला परकं वाटेल. आपण मैत्रिणीच्या लेकीला ‘अगं’ म्हणतो, तसं इथे ‘तू’च हवं. मी पहिल्यांदा ‘लेई’ वापरलं होतं, तेव्हा मैत्रिणीनेच प्रेमाने सुधारून दिलं.

‘सिआमो’ म्हणजे ‘आम्ही आहोत’. एकटीच लिहिणार असशील तर ‘सोनो मोल्तो फिएरा’ कर.

कार्ड लाल रंगाचं घे. पदवीचा रंग तोच. त्या दिवशी डोक्यावर तमालपत्रासारख्या पानांचा मुकुट असतो, त्याला लाल फीत असते आणि पाहुण्यांना साखरेत घोळवलेले लाल बदाम वाटतात. पांढरे बदाम लग्नाचे.