५५ सेकंदांत भेळवाल्याचा अख्खा दिवस

प्रश्न: "रंकाळ्यावरच्या एका भेळवाल्या मामांचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत शूट केलाय. एका मिनिटाच्या आत बसवायचाय, पण जोडल्यावर नुसती क्लिपांची माळ दिसते. काय चुकतंय?"

तुमच्याकडे चित्रं भरपूर आहेत, मामांचा आवाज नाही. आधी आवाज कापून घ्या, चित्रं त्यावर बसवा.

गाडीवर मुलाखत घेऊ नका. तिथं वारा आणि हॉर्न असतात, शिवाय गिऱ्हाईक आलं की बोलणं तुटतंच. सकाळी त्यांच्या घरी जा, चिंच कोळत असताना कॉलर माईक लावा, पंखा बंद करायला सांगा. हात कामात गुंतले की माणूस मोकळा बोलतो. "धंदा कसा चाललाय?" विचारलंत तर "बरं चाललंय" एवढंच हाती लागेल. "उठल्यावर पहिलं काम कुठलं, आणि तेच आधी का?" किंवा "पाऊस आला तर चिरलेल्या कांद्याचं काय करता?" असं विचारा. "चिचंचं पाणी सकाळीच कराय लागतंय, न्हाईतर संध्याकाळी चव येत न्हाई" असं एखादं वाक्य मिळालं, की सकाळ आणि संध्याकाळ आपोआप जोडली जातात.

सावकाश बोलण्यात सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. म्हणून ६०-६५ शब्दच ठेवा. ती झाली तीसेक सेकंदं; उरलेल्या वेळात पळी पातेल्यावर आपटल्याचा, चुरमुरे ओतल्याचा आवाज ऐकू द्या. मी तर सुरुवातच त्या पळीच्या आवाजानं करेन, चेहरा नंतर.

आता वेळ कशी सरते ते. "दुपारी ४", "रात्री १०" अशा पाट्या टाकू नका. चिंचेच्या पाण्याचा डबा एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून तीनदा घ्या: गाडी लागल्यावर काठोकाठ, ऐन गर्दीत अर्धा, शेवटी तळाशी. गाडीच्या कडेला खडूची खूण करा, फोन दर वेळी तिथंच टेकवा. प्रत्येक शॉट दोन-दोन सेकंदांचा पुरे. फ्रेम जरा जरी हलली तरी पाहणाऱ्याला तो वेगळाच डबा वाटतो आणि सगळी गंमत जाते. बाकीचे शॉट तीन सेकंदांच्या आसपास ठेवा, पण एका कामाला सलग आठ सेकंदं द्या. भेळ कालवून द्रोणात भरून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत कट नको. मामांचं कसब तिथंच दिसतं.

संध्याकाळी सूर्य मामांच्या पाठीमागे असेल तर फोन आकाशाचा उजेड मोजतो आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. दिवे लागल्यावर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दिवा बॅटरीवरचा असेल तर हा हिशोब लागू पडत नाही. पट्टे जाईपर्यंत शटर थोडं थोडं बदलून बघा.

म्हणजे परत जाऊन दोनच गोष्टी आणायच्या: सकाळचा आवाज आणि डब्याचे तीन शॉट. बाकीचं तुमच्याकडे आहेच.