कौतुक पटत नाही तेव्हा

प्रश्न: बायकोचं मनापासून कौतुक करतो तरी तिला खरं वाटत नाही, म्हणते मस्का मारतोयस. काय करू?

आधी वेळ बघा. काहीतरी मागायच्या आधी किंवा भांडण मिटवायला केलेलं कौतुक कुणालाच पटत नाही, आणि शेवटी "पण" आला की संपलंच.

आमच्याकडे हाच प्रकार नवऱ्याचा होता. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, एप्रिलमध्ये सोसायटीत टँकरच्या बिलावरून मीटिंग पेटली, तिसऱ्या मजल्यावरचे काका तर सेक्रेटरीच्या अंगावरच धावून जात होते. नवऱ्याने आवाज न चढवता आधी काकांचंच म्हणणं परत बोलून दाखवलं, मग बिलं एकेक करून वाचली आणि वातावरण निवळलं. लिफ्टमध्ये मी म्हटलं भारी बोललास, तर म्हणे "चल, काहीतरीच." मी तेव्हा सोडून दिलं. रात्री कपड्यांच्या घड्या घालताना परत काढलं. म्हटलं, काका ओरडत होते तरी तू त्यांचा अपमान होऊ दिला नाहीस, बाबा आयसीयूत होते तेव्हा पण तू डॉक्टरांशी असाच बोलत होतास आणि म्हणून तू सोबत असलास की मला कशाची भीती वाटत नाही. तो गप्प झाला, हातातला टॉवेल तसाच, मग म्हणाला "खरंच?" मी फक्त हो म्हटलं. अजून गोड बोलायला गेलं की परत संशय येतो.

यावर कॅनडात वॉटर्लू युनिव्हर्सिटीचा २००७ चा अभ्यास आहे. स्वतःला कमी लेखणाऱ्यांना जोडीदाराने केलेलं कौतुक आठवायला सांगितलं. त्याने काय म्हटलं ते नुसतं तपशिलात सांगून फरक पडला नाही, पण त्याला माझं कौतुक का वाटलं आणि आमच्या नात्यात त्याचा अर्थ काय, हे स्वतः मांडल्यावर त्यांना नात्यात जास्त सुरक्षित वाटलं. म्हणून प्रसंगापाशी थांबू नका, त्यातून ती तुम्हाला कशी माणूस वाटते आणि तुमच्यासाठी त्याचं काय मोल आहे तिथपर्यंत जा.

आणि ती तुमचं कौतुक करेल तेव्हा "तू पण" म्हणून लगेच परत करू नका, ते हिशेब मिटवल्यासारखं होतं. थँक्यू म्हणा, नाहीतर विचारा तुला नेमकं काय आवडलं.

माझी नणंद अजून म्हणते तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतो. साफ चूक. ज्याला लहानपणी शाबासकीच मिळाली नाही तो शेफारत नाही, तो संशय घेतो. ती पण त्याच घरात वाढलीय, दिवाळीला तिच्या अनारशांना छान म्हटलं तर लगेच "जाळी कुठे नीट पडलीय" सुरू झालं.

हां, पण मागे कधी खोटं बोलून विश्वास घालवला असेल तर यातलं काहीच चालणार नाही. ते आधी बोलून मिटवा.