बँकेने परत पाठवलेला प्रकल्प अहवाल

“सर, लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय सुरू करण्यासाठी पीएमईजीपी योजनेतून कर्जाचा अर्ज केला आहे. प्रकल्प अहवाल बाहेरून पैसे देऊन करून घेतला होता. शाखेत साहेबांनी विचारले, ‘एवढे तेल घेणार कोण आणि हप्ता कशातून भरणार?’ मला उत्तर देता आले नाही आणि फाइल परत आली. अहवालात नक्की काय चुकले असेल?”

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या या ताईंचा अहवाल मी पाहिला, तेव्हा त्यातील बेरजा सगळ्या बरोबर होत्या. दोन घाणे, १० लाखांचा प्रकल्प आणि पहिल्याच वर्षी क्षमतेचा ७० टक्के वापर, असे त्यात धरले होते. एका घाण्यावर दिवसाला सुमारे १०० किलो शेंगदाणे गाळले जातात. महिन्याचे २५ दिवस धरले, तर दोन घाण्यांच्या ७० टक्के वापराला ३,५०० किलो दाणे लागतात. चांगल्या १० किलो दाण्यांतून साधारण ४ किलो, म्हणजे सुमारे ४.४ लिटर तेल निघते. त्या हिशेबाने महिन्याला १,५४० लिटर तेल विकावे लागणार होते, आणि महिन्याला ४ लिटर तेल घेणारी ३८५ कुटुंबे त्यासाठी हवी होती. ती कुटुंबे कोठे राहतात, आज कोणते तेल वापरतात आणि रिफाइंड तेलापेक्षा बरेच महाग तेल का घेतील, याविषयी बाजारपेठेच्या प्रकरणात अक्षरही नव्हते. शुद्ध तेलाची मागणी वाढत आहे, एवढेच सामान्य विधान होते. शाखा व्यवस्थापकांचा प्रश्न याच जागेवर बोट ठेवणारा होता, आणि माझ्या मते तो अगदी योग्य होता.

म्हणून आम्ही यंत्रसामग्रीचा विचार बाजूला ठेवून अहवाल विक्रीपासून पुन्हा लिहायला घेतला. ताईंनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली, शेजारच्या गावातील घाण्यावर मजुरी देऊन थोडे तेल गाळून आणले आणि ओळखीच्या घरांत व दोन किराणा दुकानांत बाटलीबंद विकले. पहिल्यांदा ओळखीखातर घेणारे पुष्कळ असतात, त्यामुळे पहिल्या खरेदीला मी फारसे महत्त्व देत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात स्वतःहून कोणी मागितले, याची वही मात्र त्यांना काटेकोर ठेवायला सांगितली. पुन्हा घेणाऱ्या घरांवरून आणि दुकानदारांच्या लेखी मागणीवरून पहिल्या वर्षी महिन्याला ४४० लिटर हा आकडा आधाराने मांडता येईल, असे दिसले. त्याला १,००० किलो दाणे पुरतात, म्हणजे एकच घाणा आणि तोही ४० टक्के वापराने. दुसरा घाणा अहवालातून गेला आणि वहीची पाने परिशिष्ट म्हणून जोडली गेली.

खर्चाच्या बाजूला घाणा, गाळणी, स्टीलच्या टाक्या, वजनकाटा, थ्री-फेज जोडणी आणि जागेची दुरुस्ती मिळून ४ लाख रुपये झाले. येथे कोटेशनमधील जीएसटी, वाहतूक आणि बसवणीचा खर्च धरायचा राहून जातो आणि नंतर तो घरखर्चातून भरावा लागतो, म्हणून तो आधीच त्यात धरला. मूळ अहवालात खेळत्या भांडवलासाठी ५० हजार रुपये ठेवले होते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटली. तीन आठवड्यांचा दाणा ८५ हजारांचा, दहा दिवसांचे भरून ठेवलेले तेल ३५ हजारांचे, दुकानांकडे महिनाभर अडकणारी उधारी ६० हजारांची, आणि महिन्याची मजुरी, वीज व बाटल्या यांना २० हजार, अशी २ लाखांची गरज निघते. ती कमी दाखवली, तर घाणा सुरू होऊनही दाणे घ्यायला पैसे नसतात आणि माणूस सावकाराकडे वळतो. प्रकल्प आता ६ लाखांचा झाला: ४ लाखांसाठी मुदत कर्ज, २ लाखांच्या खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलता येणारे कर्ज, आणि दोन्हींत ताईंचा स्वतःचा ५ टक्के वाटा.

आता परतफेड. दाणे ११५ रुपये किलो धरले, तर महिन्याचा खर्च असा येतो: दाणे १,१५,००० आणि बाटल्या, वीज, एका मदतनीसाची मजुरी, वाहतूक व दुरुस्ती मिळून १९,०००, एकूण १,३४,००० रुपये. निम्मे तेल घरपोच ३२० रुपये लिटरने आणि निम्मे दुकानांना २८० रुपयांनी दिले, तर १,३२,००० आणि ५५० किलो पेंडीचे २२,००० मिळून १,५४,००० रुपये येतात. हाती २०,००० उरतात. त्यातून कॅश क्रेडिटचे व्याज सुमारे १,७५० रुपये जाते. ३ लाख ८० हजारांच्या मुदत कर्जाचा ५ वर्षांचा हप्ता ११ टक्के दराने सुमारे ८,३०० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ १ लाख. कर्जफेड क्षमतेचे गुणोत्तर, म्हणजे उरलेली रक्कम हप्त्याच्या किती पट आहे, ज्याला बँकेत डीएससीआर म्हणतात, ते यावरून २.२ दिसते आणि तयार अहवाल येथेच थांबतात. परंतु ताईंचे घर याच व्यवसायावर चालणार आहे. घरखर्चासाठी महिन्याला ८,००० रुपये वजा केले, की तेच गुणोत्तर १.२ वर येते. घरखर्च वगळून केलेला परतफेडीचा हिशेब मी अर्जदाराला सही करू देत नाही.

पुढची कसोटी दाण्याच्या भावाची होती. भाव किलोला १० रुपयांनी वाढला आणि तेलाचा दर तसाच राहिला, तर महिन्याचे १०,००० रुपये जातात, आणि घरी एक रुपया न नेताही हप्ता जेमतेम भरतो. ही वाढ पूर्ण वसूल करायची, तर तेल लिटरमागे सुमारे २३ रुपयांनी महाग करावे लागते, आणि तेवढी वाढ ग्राहक एकदम स्वीकारत नाही. हे पाहून ताईंनीच सुचवले की, भोवतालच्या गावांतील शेतकरी घरचा भुईमूग गाळून घ्यायला दूर जातात, ते काम आपण घेऊ. या गाळपात दाणा शेतकऱ्याचा असल्यामुळे भावाची जोखीम आपल्यावर येत नाही आणि घाण्याला मोकळा वेळ होताच. सुगीनंतरच्या ४ महिन्यांत दरमहा १,२०० किलोप्रमाणे, किलोला १५ रुपये मजुरीने, वीज वजा जाता वर्षाला ६६ हजार मिळतात. तेव्हा गुणोत्तर १.९ होते. दाणा वर्षभर १२५ रुपये राहिला आणि तेलाचा दर १२ रुपयांनीच वाढवता आला, तरी ते १.३ राहते. दर मुळीच वाढवता आला नाही, तर मात्र हप्ता पूर्ण निघत नाही, आणि हेही अहवालात स्पष्ट लिहिले.

ग्रामीण भागातील महिलेला पीएमईजीपी योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, तेव्हा ते हिशेबात का धरले नाही, असे ताईंनी विचारले. ही रक्कम ३ वर्षे शाखेत मुदत ठेवीसारखी अडकलेली असते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच कर्जात वळती होते. तेवढ्या कर्जावर त्या काळात व्याज लागत नाही, हा दिलासा आहे. पण पहिल्या ३ वर्षांची परतफेड अनुदानावर आधारलेली दाखवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून परतफेडीचे कोष्टक अनुदानाशिवाय केले आणि अनुदानाचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात ठेवला.

नव्या अहवालासह ताई शाखेत गेल्या, तेव्हा व्यवस्थापकांनी ग्राहकांची वही चाळली आणि दाण्याच्या भावाबद्दलच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. हप्ता सुरू होण्याआधी ६ महिन्यांची मुदत मागितली होती, ती मिळाली. दर महिन्याला साठा आणि उधारीचे विवरण शाखेत देण्याची अट घालून कर्ज मंजूर झाले, आणि त्या विवरणासाठी ताईंनी विक्रीच्या वहीतच दाण्याच्या खरेदी भावाचा एक रकाना वाढवला आहे.