चार इंद्रियांच्या प्रतिमा आणि एक भाव

कवितेतील प्रतिमा वेगळ्या करताना केवळ नामाकडे पाहू नका. त्या ओळीत वस्तूची जाणीव कोणत्या इंद्रियाने होते ते पाहा, कारण ‘पाऊस’ हा एकटा शब्द कोणतीच प्रतिमा ठरत नाही. सरावासाठी रचलेल्या या ओळी घ्या:

खुंटीवरल्या घोंगडीला धुराचा वास,
पत्र्यावर सरींचा ताशा;
गार खांबाला गाल टेकून आजी
काळवंडल्या वाटेकडे बघते.

ताशा डोळ्यांनाही दिसतो, पण येथे त्याचा आवाजच अभिप्रेत असल्याने ती नादप्रतिमा आहे. खांब स्पर्शाचा आणि वाट दृष्टीची. माझ्या मते गंधप्रतिमा येथे सर्वांत महत्त्वाची आहे, कारण घोंगडी घरातच राहिली आहे, म्हणजे तिचा धनी तिच्याविना पावसात आहे, आणि धुराच्या वासामुळे तो नसतानाही जवळ भासतो. ताशा आजीला त्याच्याविषयी वाटणाऱ्या काळजीला वेग देतो, गार खांब ती अंगात उतरवतो आणि वाट तिला दिशा देते.

खात्रीसाठी एकेक ओळ झाकून वाचा. घोंगडी झाकली, तर आजी नुसती पाऊस पाहत उभी असल्यासारखी वाटते. घोंगडीच्या जागी मोगऱ्याचा वास आणला, तर गंधप्रतिमा उरते, परंतु काळजीचा धागा तुटतो.